धागा: लहान मुलांच्या बचत खात्यासाठी म्हण फिरवून घोषवाक्य हवंय

शाईचा डाग
एका नागरी सहकारी बँकेच्या मोहिमेचं काम हाती आहे (नाव नको). जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी मुलांच्या बचत खात्याची जाहिरात लावायची आहे. शाखेबाहेरचा फलक, दोन-तीन भिंती, वह्यांत ठेवायची खूणपट्टी आणि रेडिओवर दहा सेकंद, एवढंच माध्यम. बँकेची अट एकच: ओळखीची म्हण हवी, पण "आपली" वाटली पाहिजे.

आतापर्यंत जमलेली तीन:
१) थेंबे थेंबे खाते साचे
२) रुपये रुपये तळे साचे
३) आधी खातोबा, मग खाऊबा

संचालकांना पहिलं आवडलंय. मला तिन्हींत काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. जाणकारांनी चिरफाड करावी.

अर्धविराम
तिसरं एकदम झकास! मुलांना यमक आवडतं, यमक जुळलं की घोषवाक्य झालं. बाकी काथ्याकूट कशाला? फक्त एक लक्षात घ्या, अठराच्या आत खातं पालकच चालवतात, त्यामुळे मुलांशी बोलून उपयोग नाही, पालकांशी बोला.

तिरकस
"खातोबा" मोठ्याने म्हणून बघा. बँक तुमचे पैसे "खातो बा" असं ऐकू येतं. संचालक मंडळाला शुभेच्छा.

शाईचा डाग
अरे देवा. हेच खटकत होतं बहुतेक. कागदावर "खाते + बा" दिसत होतं म्हणून कळलंच नाही.

बोरूबहाद्दर
तिरकस यांनी तिसरं एका ओळीत निकालात काढलं, त्यावर वेगळं बोलायला नको. घोषवाक्य कागदावर तपासू नये, एवढंच त्यातून घ्या. कोणाला तरी पाठमोरं बसवून वाचून दाखवा आणि काय ऐकू आलं ते विचारा.

आता पहिली दोन. दुसऱ्याची अडचण मूळ म्हणीतल्या "थेंबे" या रूपामुळे आहे. ही जुनी तृतीया आहे, थेंबे थेंबे म्हणजे थेंबाथेंबाने. आपण ती म्हणीत ऐकत आलो म्हणून अर्थ आपोआप लागतो. तिथे "रुपये" ठेवलं की कान ते अनेकवचन धरतो. "रुपये रुपये तळे साचे" याचा अर्थ रुपयारुपयाने तळं साचतं असा लागत नाही, रुपये आणि तळं अशी दोन नामं शेजारी ठेवल्यासारखी वाटतात. "नाणे नाणे" घेतलंत तरी तेच. अकारान्त पुल्लिंगी शब्द लागेल. "दामे दामे" व्याकरणात बसेल, पण आज दाम शब्द मुलांच्या तोंडी नाही.

पहिल्यात थेंबे तसंच ठेवलंय म्हणून ते घसरत नाही. तिथे क्रियापद आड येतं. खातं साचत नाही. पैसा साठतो, खातं वाढतं, साचतं ते पाणी. आणि साचलेल्या पाण्याला आपल्याकडे फार चांगला वास नाही. पावसाळ्याच्या तोंडावर भिंतीवर "साचे" लिहिलंत तर शेजारीच नगरपालिकेची डासांची सूचना असणार.

आणखी एक, बँकेच्या तोंडी तळं आलं की दुसरी म्हण आपसूक आठवते.

खडूफळा
तळे राखील तो पाणी चाखील!

बोरूबहाद्दर
तीच. ठेवीदाराने तळं भरायचं, राखायचं बँकेने, आणि चाखायचंही तिनेच. असं कोणी मुद्दाम म्हणणार नाही, पण मनात येऊन जातं. ज्या म्हणीच्या शेजारी अशी दुसरी म्हण बसलेली असते ती मी पैशाच्या जाहिरातीत टाळतो.

अर्धविराम
मग तीच म्हण उलटवा ना. "खाते राखील तो पाणी चाखील." मुलाने खातं राखलं तर फळ त्यालाच.

खडूफळा
अर्थ वरवर लागतो, पण मूळ म्हण दुसऱ्याची वस्तू सांभाळणारा त्यातलं थोडं चाखतोच अशी आहे. वर्गात शिकवतानाही उदाहरण रखवालदाराचं किंवा भांडारपालाचंच येतं. पालकांना तोच अर्थ माहीत आहे.

काउंटर ३
अर्धविराम, खात्याबद्दलचं तुमचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ ला सुधारित सूचना काढल्या. कोणत्याही वयाच्या मुलाचं खातं पालकामार्फत उघडता येतं, आई पालक म्हणून चालते. शिवाय १० वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बँक तिच्या धोरणात ठरवेल त्या रकमेपर्यंत आणि त्या अटींवर बचत किंवा मुदत ठेव खातं स्वतः उघडू आणि चालवू देऊ शकते. "शकते" महत्त्वाचं आहे, प्रत्येक बँकेची मर्यादा वेगळी असते. खातं कधीही उणे होता कामा नये, हे मात्र सगळ्यांना लागू. अठरा पूर्ण झाले की नवी सही आणि व्यवहाराच्या नव्या सूचना घ्याव्या लागतात.

शाईचा डाग, म्हणून आधी हे विचारा: मोहीम पालकाने चालवायच्या खात्याची आहे की दहा वर्षांवरच्या मुलाने स्वतः चालवायच्या? घोषवाक्य कोणाशी बोलतं ते त्यावर ठरेल.

सावलीतला बाक
माझी मुलगी ११ वर्षांची आहे. तिचं सुकन्या खातं या बँकेत उघडता येईल का? व्याज किती?

काउंटर ३
ताई, हा धागा घोषवाक्याचा आहे, पण थोडक्यात सांगतो. सुकन्या समृद्धी खातं मुलगी १० वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं, त्यामुळे ११ व्या वर्षी ते नाही. साधं बचत खातं तिच्या नावावर उघडता येईल, पोस्टातही. व्याज त्या त्या ठिकाणी विचारा.

सावलीतला बाक
धन्यवाद. मला वाटलं जाहिरात त्याचीच आहे.

बोरूबहाद्दर
सावलीताईंचा गोंधळ वाया घालवू नका. "मुलगी", "बचत", "खातं" एवढं वाचलं की लोक सुकन्या समजतात. फलकावर खात्याचं पूर्ण नाव घोषवाक्याखालीच मोठ्या अक्षरात हवं, तळाच्या बारीक टायपात नको.

शाईचा डाग
विचारलं. मोहीम १० ते १८ वयाची, मुलाने स्वतः चालवायचं खातं. पासबुक मुलाच्या नावाचं आणि शाखेतल्या यंत्रावर ते स्वतः छापून घेऊ शकतं. बँकेला तेच दाखवायचंय.

आता नवीन म्हण सुचवा.

अर्धविराम
लहान हाती मोठा घास?

खडूफळा
"लहान तोंडी मोठा घास" ही दटावणी आहे हो. पोराला खातं उघड म्हणताना आधीच कान पिळल्यासारखं होईल. "अंथरूण पाहून पाय पसरावे" पण नको, त्यात आवर घालणं आहे, साठवणं नाही.

तिरकस
मुलाचे पैसे पासबुकात दिसतात.

(मूळ: मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. सांगावं लागलं तर रद्द समजा.)

खडूफळा
वा! पाय-पाळण्यात, पैसे-पासबुकात. प ला प बरोबर बसला.

शाईचा डाग
हे भारी आहे. संचालकांना आजच पाठवू का?

काउंटर ३
थांबा. सहकारी बँकेच्या दारावर "पैसे पासबुकात दिसतात"? पुढचं वाक्य लोक स्वतः पूर्ण करतील: "...हातात पडत नाहीत." निर्बंध लागलेल्या बँकांच्या दाराशी पासबुक घेऊन उभे राहिलेले ठेवीदार लोकांनी पाहिलेत. ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे हे खरं, पण घोषवाक्यातच शंका पेरून खाली विम्याने ती फेडायची, हा उलटा कारभार झाला.

बोरूबहाद्दर
काउंटर ३ यांचं बरोबर. पण म्हण सोडू नका, तिरकस यांनी एक शब्द जास्त बदलला एवढंच.

म्हण फिरवताना मी आधी तिचे शब्द मोडून ठेवतो: मुलाचे / पाय / पाळण्यात / दिसतात. मग बघतो की ऐकणारा कोणत्या शब्दाला म्हण ओळखतो. इथे तो "मुलाचे पाय" या दोन शब्दांतच ओळखतो. म्हणजे ते दोन हलवायचे नाहीत. बदल ओळख पटल्यानंतर यायला हवा. म्हणून फक्त तिसरा बदला:

मुलाचे पाय पासबुकात दिसतात.

तिरकस यांनी पाय काढून पैसे घातले, त्यामुळे म्हण उशिरा ओळखू येते आणि वाक्य सरळ विधान होऊन बसतं. शिवाय "पैसे दिसतात" म्हटलं की दिसणं आणि मिळणं यांची तुलना सुरू होते. पाय ठेवले की दिसणं म्हणजे चिन्ह दिसणं, हा मूळ अर्थ जागेवर राहतो. पैशाचं नाव न घेता पैशाचं सांगून होतं.

पाळण्यात आणि पासबुकात, दोन्ही "पा" ने सुरू होतात आणि "त" ने संपतात. बोलताना पाळण्यात दोन ठोक्यांत संपतं (पाळ्-ण्यात), पासबुकात तीन घेतं, पण मधला "बु" ऱ्हस्व आहे, तो पटकन निसटतो. रेडिओवर "पाय" नंतर अर्धा श्वास थांबायचं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात "पाळण्यात" तयार होऊ द्यायचं आणि मग "पासबुकात" टाकायचं. सलग म्हटलंत तर फिरकी हरवते. ऐकणाऱ्याला आपण मूळ म्हणच म्हटली असं वाटतं.

शाईचा डाग
एकच शब्द बदलून इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. पण "मुलाचे" चं काय? मुली?

खडूफळा
व्याकरणाने "मूल" नपुंसकलिंगी, त्याचंही "मुलाचे" च होतं, म्हणजे मुली आल्याच त्यात. पण चित्रात मुलगा काढलात की वाचणारा "मुलगा" च धरणार.

अर्धविराम
मग "मुलांचे पाय" करा, एक अनुस्वार द्या आणि मिटवा.

बोरूबहाद्दर
इथे अर्धविराम यांच्याशी सहमत, पण किंमत ओळखून घ्या. अनेकवचन झालं की बोट एका मुलाकडे राहत नाही, म्हणीतली "या पोराकडे बघा" ही ऐट थोडी कमी होते. दुसरा मार्ग म्हणजे "मुलाचे" ठेवायचं आणि चित्रात मुलगी घ्यायची. मला दुसरा जास्त आवडतो. म्हण ऐकून जो डोळ्यांपुढे येतो त्याच्या जागी मुलगी दिसली की चित्रालाही एक फिरकी मिळते.

भिंतीवर मात्र रंगाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही, हे गृहीत धरा. तो कधी अनुस्वार देईल, कधी खाईल. लेखी नमुना द्या आणि पेन्सिलीची आखणी झाली की फोटो मागवा, रंग चढल्यावर नाही.

खडूफळा
लेखनाचं आलंच आहे तर: "पासबुक" की "पासबूक" यावर भांडण होऊ शकतं, पण "पासबुकात" वर होत नाही. मूळ शब्दात उपान्त्य ऊ दीर्घ धरला तरी सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो, फूल-फुलात तसा. घोषवाक्यात नेमकं तेच रूप आहे, नशीब. खाली माहितीच्या मजकुरात सुटा शब्द आला तर एकच रूप ठरवून सगळीकडे तेच ठेवा.

पण माझी खरी शंका वेगळीच आहे. ही म्हण आपण कौतुकाने म्हणतो त्यापेक्षा टोमण्याने जास्त म्हणतो. पोरगं खोटं बोललं, की आत्याबाई म्हणतात, "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात!" शाळेत चांगल्या अर्थाने शिकवतो, घरात वाईट अर्थाने ऐकू येते. पासबुकात ५० रुपये असलेल्या पोराला हे वाक्य चिडवायला पुरेसं आहे.

तिरकस
शिल्लक शून्य असेल तर पाय नाही, फक्त मोकळं अंगण दिसणार.

बोरूबहाद्दर
खडूफळा यांचा मुद्दा खरा आहे आणि तो पूर्ण सुटत नाही, सांभाळावा लागतो. या म्हणीचा सूर शब्दांत नाही, म्हणणाऱ्याच्या आवाजात आहे. म्हणून रेडिओवर आवाज आजी-आजोबांचा कौतुकाचा घ्या. खणखणीत निवेदकाचा आवाज नको, त्याच्या तोंडी ती टोमणाच वाटते. छापील फलकावर आवाज नसतो, तिथे ते काम चित्राने करायचं.

चित्रात मोठी रक्कम दाखवू नका, शिल्लक तर अजिबात नाही. जमेच्या नोंदींची एक रांग दाखवा, छोट्या छोट्या, दर महिन्याला एक. म्हणजे "पाय दिसतात" याचा अर्थ सवय दिसते असा लागतो. रक्कम दाखवलीत की कमी पैसेवाल्या मुलाला हिणवल्यासारखं होतं, खडूफळा म्हणतात तसं.

आणि पाळणा काढू नका! चित्रकाराला पहिली तीच कल्पना सुचेल: पासबुकाचा पाळणा, त्यातून डोकावणारे बाळाचे पाय. गोड दिसेल, पण हे खातं १० वर्षांवरच्यांचं आहे. तान्ह्या बाळाचे पालक शाखेत येतील आणि काउंटर ३ यांच्यासारख्याला प्रत्येकाला समजवावं लागेल. उघड्या पासबुकावरून चाललेले शाळेचे कॅनव्हासचे बूट काढा, मुलीचे. नोंदींच्या ओळी म्हणजे पावलांच्या खुणा.

काउंटर ३
हे ऐकून माझ्या पाठीवरचं ओझं उतरलं. खालच्या ओळीसाठी मजकूर देऊ का? "१० वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींसाठी, स्वतः चालवायचं बचत खातं. बँकेच्या अटी आणि मर्यादा लागू." "भविष्य सुरक्षित", "हमी" असले शब्द नकोत. म्हणीतच भविष्याचा इशारा आहे, त्यावर पुन्हा वचन दिलं तर बचत खात्याला न पेलणारं बोलणं होतं.

शाईचा डाग
घेतो तसंच. चाचणी कशी करायची? बँक म्हणते कर्मचाऱ्यांना विचारा.

बोरूबहाद्दर
कर्मचाऱ्यांना विचारू नका, त्यांना उत्तर काय हवं ते माहीत असतं. दहा माणसं घ्या, पाच पालक आणि पाच मुलं, तिथल्याच शाळेतली. आधी घोषवाक्य दाखवायचंच नाही. फक्त "मुलाचे पाय..." म्हणायचं आणि थांबायचं. पालकांपैकी चार जणांनी लगेच "पाळण्यात दिसतात" म्हटलं तर म्हण जिवंत आहे. मुलांपैकी दोघांना आली तरी चालेल, कारण फलक वाचून शाखेत घेऊन येणारे पालकच आहेत. इंग्रजी माध्यमाच्या शाळेजवळची भिंत असेल तर मुलांचा आकडा शून्यावर येऊ शकतो. तिथे घोषवाक्य फक्त विचित्र वाक्य वाटेल, त्या भिंतीवर साधी माहिती लिहा.

मग पूर्ण घोषवाक्य ऐकवा आणि विचारा, "कसली जाहिरात असेल?" उत्तर बँक, बचत, खातं यांपैकी आलं तर ठीक. चपलांचं दुकान असं उत्तर दोघांनी दिलं तर चित्रातला बूट मोठा झालाय, पासबुक मोठं करा.

तिरकस
माझं आणखी एक. "मुलाची पै पासबुकात दिसते." पाय चा पै. आता हसा.

खडूफळा
अरेच्चा, हे जास्त नाजूक आहे! पै म्हणजे जुनं नाणं, रुपयाला १९२. पैपै जोडणे.

अर्धविराम
पै? मुलांना कळणार नाही. १९५७ ला दशमान नाणी आली, त्यानंतर पै कोणी पाहिलीये?

खडूफळा
पाहिली नसेल, पण "पै न पै" आणि "पैपैचा हिशेब" अजून बोलतात. पालकांना कळेल.

बोरूबहाद्दर
माझं मत अजून "पाय" कडेच आहे. "पै" ऐकताना सुरेख, पण फलकावर वाचताना डोळा अडखळतो, लिंग बदलल्याने "मुलाची... दिसते" असं सगळंच बदलतं आणि म्हणीचा साचा मोडतो. शिवाय "पैसे दिसतात" वरची काउंटर ३ यांची हरकत "पै" लाही लागू आहे. पण खूणपट्टीवर, जिथे मूल पाचदा वाचेल आणि आजीला विचारेल, तिथे चालूनही जाईल. दोन्ही एका मोहिमेत नको मात्र.

काउंटर ३
दोन्हींपैकी एकच निवडा म्हणालात आणि खूणपट्टीला सूटही दिलीत, बोरूकाका.

बोरूबहाद्दर
पकडलंत. खूणपट्टीवर "पै" घ्यायचं असेल तर फलकही "पै" चाच करा, असं म्हणतो.

खडूफळा
मग मी "पै" च्या बाजूने. टोमण्याचा प्रश्न त्यात आपोआप सुटतो, कारण पाय गेले की आत्याबाईही गेल्या.

शाईचा डाग
दोन्ही घेऊन दहा जणांकडे जातो. फलकाची ओळ कुठे तोडू? रुंदी कमी आहे, एका ओळीत बसत नाही.

बोरूबहाद्दर
"मुलाचे पाय" वर, "पासबुकात दिसतात" खाली. बदललेला शब्द ओळीच्या सुरुवातीला आला की रेडिओवरची ती अर्ध्या श्वासाची थांबण छापातही मिळते. पासबुकात तेवढंच वेगळ्या रंगात, अवतरणचिन्हं नकोत. तीन ओळींत कधीच तोडू नका, मधल्या ओळीत एकटं "पासबुकात" राहिलं की म्हण तुटते. आणि "पै" जिंकली तर ही तोडणी बसत नाही, "मुलाची पै" फार तोकडी पडते. तेव्हा फलक रुंद करायला सांगा किंवा अक्षर लहान घ्या.

तिरकस
म्हणजे पै च्या नादात फलकाचा खर्च वाढणार. संचालकांना आधीच सांगून ठेवा.